आजीला बातमी पाच वाक्यांत कशी सांगायची: खडकवासल्याच्या पाण्याचं उदाहरण

जुलै महिन्यात पुण्यात आमच्या घरी एक बातमी हमखास येते. खडकवासला भरलं, मुठेत पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला. पेपरात आणि मोबाइलवर ती सात-आठशे शब्दांची असते. आजी पंचाहत्तरीची आहे, तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती मलाच विचारते, "काय म्हणतायत गं धरणाचं?"

हा प्रश्न साधा नाही. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पाणी पेठांमध्ये घुसलं, तेव्हा आजी दहा वर्षांची होती. नारायण पेठेतला त्यांचा वाडा पाण्यात गेला. आता आम्ही कोथरूडला पौड रोडच्या वरच्या अंगाला राहतो. नदीचं पाणी इथवर येत नाही. पण "धरण" आणि "पाणी" हे शब्द एका दमात ऐकले की आजी आधी पायात चपला आहेत का ते बघते.

अशा माणसाला बातमी सांगायची तर घाबरवायचं नाही आणि फसवायचंही नाही. हे जमायला मला दोन पावसाळे लागले. जे नव्यानं घरच्या आजी-आजोबांना बातम्या सांगायला लागलेत, त्यांच्यासाठी मी कसं करते ते लिहिते. उदाहरण एकच घेते, ते नीट उलगडलं की बाकीच्या बातम्यांना तीच रीत लावता येईल.

पहिली पायरी: आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा, मग तोंड उघडा

वाचता वाचता सांगत गेलात की घोळ झालाच म्हणून समजा. पेपरातली बातमी सगळ्यात खळबळजनक भागानं सुरू होते आणि घरच्या माणसाच्या कामाचा भाग बहुतेक वेळा तळाशी असतो. "मुठेचं रौद्र रूप" हे पहिल्या ओळीत असतं, कुठला रस्ता बंद आणि कुणी सावध राहायचं हे आठव्या परिच्छेदात. तुम्ही मोठ्यानं वाचत आठव्यापर्यंत पोचेपर्यंत आजीनं मनातल्या मनात वाडा सोडलेला असतो.

वाचताना आधी वेळ बघा. धरणाच्या बातमीत तारखेइतकाच तास महत्त्वाचा असतो, कारण विसर्ग तासातासाला बदलतो. सकाळी 9 चा आकडा दुपारी 2 ला सांगणं म्हणजे शिळी बातमी ताजी म्हणून वाढणं. पावसाळ्यात तर मागच्या वर्षीच्या पुराचे व्हिडिओ या वर्षीचे म्हणून फिरत असतात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भिडे पुलाचा एकच व्हिडिओ मी तीन पावसाळे पाहिलाय.

दुसरी पायरी: वाक्य शेपटीकडून वाचा

मराठी पेपरांची एक सवय आहे, ती कळली की निम्मं काम होतं. खाली मी एक नमुना रचलाय. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण घडण रोजच्या बातमीसारखीच आहे.

"धरणसाखळी क्षेत्रात गेल्या 24 तासांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे खडकवासला धरण काठोकाठ भरले असून, मुठा नदीपात्रात सोडण्यात येणारा विसर्ग सकाळी 9 वाजता 15 हजार क्युसेकवरून 25 हजार क्युसेकपर्यंत वाढविण्यात आला असल्याची माहिती पाटबंधारे विभागाच्या अधिकाऱ्यांनी दिली. पावसाचा जोर कायम राहिल्यास विसर्ग आणखी वाढविण्यात येण्याची शक्यता असून, सिंहगड रस्ता परिसरातील नदीकाठच्या सोसायट्यांमधील नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन महापालिकेने केले आहे. भिडे पूल पाण्याखाली गेला असून नदीपात्रातील रस्ता वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे."

पहिल्या वाक्यात कुणी काय केलं ते सांगा पाहू. पटकन सापडत नाही, कारण "वाढविण्यात आला" या क्रियापदाला कर्ताच नाही. पाणी कुणी सोडलं? वाक्याच्या अगदी टोकाला पाटबंधारे विभाग उभा आहे, तोही माहिती देणारा म्हणून. कानानं ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कर्ता नसलेलं वाक्य फार वाईट लागतं. "पाणी सोडण्यात आलं" ऐकल्यावर पाणी आपणहून येतंय असं वाटतं. "पाटबंधारे खात्यानं दारं उघडून पाणी सोडलं" म्हटलं की तिथे कुणीतरी माणूस आहे, तो बघतोय, हे आपोआप पोचतं. धीर द्यायला वेगळे शब्द घालावे लागत नाहीत.

म्हणून मी प्रत्येक वाक्य शेपटीपासून वाचते. शेवटी बोलणारा कोण ते पकडायचं, मग क्रियापद, मग मागे जात जात काय, किती, कधी. वरच्या तीन वाक्यांतून असं एवढं निघतं: पाटबंधारे खात्यानं सकाळी 9 ला जास्त पाणी सोडलं, पाऊस राहिला तर अजून सोडतील, महापालिकेनं सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या लोकांना सावध राहायला सांगितलं, भिडे पूल बुडाला, नदीपात्रातला रस्ता बंद.

"शक्यता" हा शब्द मात्र या झटापटीत हरवू देऊ नका. "अजून सोडण्याची शक्यता" याचं "अजून सोडणार आहेत" व्हायला एक श्वास पुरतो. मी तिथे "तर" घालते: पाऊस असाच राहिला तर.

तिसरी पायरी: तिचे प्रश्न आधी, पेपरचे नंतर

आता बातमीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? मी आजीच्या जागी बसून बघते. तिला चारच गोष्टी हव्या असतात. काय झालं, आपल्याला काही आहे का, आपल्या कुणाला काही आहे का, आणि आता काय करायचं.

तिसरा प्रश्न मी पहिल्या वर्षी विसरले होते. आजीचा धाकटा भाऊ, आमचे अण्णाआजोबा, सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूच्या सोसायटीत राहतात. जुलै 2024 मध्ये त्याच भागात एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं. मी आजीला "आपल्याकडे काही नाही" एवढं सांगून मोकळी झाले आणि दुपारी तिला अण्णांकडूनच कळलं की त्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या वर हलवल्यात. त्यानंतर आठवडाभर माझ्या कुठल्याच बातमीवर तिचा विश्वास नव्हता. ती मी सांगितलेलं ऐकायची आणि मग कामाला येणाऱ्या मावशींना विचारून खात्री करायची.

"काही नाही गं" हे शांत वाक्य नव्हे. ते अर्धवट असतं, आणि उरलेलं अर्ध कुठून तरी येतंच. माणूस शांत होतो ते नेमकं कळल्यामुळे. कुठे आहे, कुठे नाही, कधीपर्यंत.

बाकीचं निर्धास्त कापा. बातमीचा बराच भाग जुन्या पुरांच्या उजळणीत जातो, विरोधी पक्षानं काय आरोप केला त्यात जातो, गेल्या वर्षी याच दिवशी किती साठा होता त्यात जातो. यातलं आजीनं विचारलं तर सांगायचं. बातमीत कुणाचा मृत्यू झाला असेल तर मात्र तो कापू नका. मुख्य गोष्ट सांगून झाल्यावर एका वाक्यात, कुठल्या भागात ते सांगून, बाकीचा तपशील न देता सांगा. लपवलंत तर संध्याकाळी टीव्ही ते तीनदा सांगणार आहे, तेही संगीत लावून.

आकड्यांचं काय करायचं

एक आकडा. फार तर एक. आणि बहुतेक वेळा तो वेळेचाच निघतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर, म्हणजे मोठे दोन हंडे समजा. मी एकदा आजीला हे समजावून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग पंचवीस हजार म्हणजे पन्नास हजार हंडे, सेकंदाला?" आणि तिचा चेहरा पडला. हिशोब बरोबर होता, पण त्यातून तिला काहीच कळलं नव्हतं, फक्त भीती मोठी झाली होती. मोठा आकडा तिच्या ओळखीच्या जागेला टेकवला तरच तो काही बोलतो. भिडे पूल बुडाला, हे तिचं माप आहे. तो पूल मुद्दामच बुटका आहे, दर मोठ्या विसर्गाला जातो, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

"100 टक्के भरलं" याचंही तसंच. घागर काठोकाठ भरली की सांडते, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर येतं. खरं असं आहे की पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चारही धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट, पाणी मावतं, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम 2 टीएमसी. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी याच लहान धरणात उतरतं. त्यामुळे पावसाळ्यात ते भरणं आणि त्यातून पाणी सोडणं हे दर वर्षीचं आहे. हे मी आजीला एकदाच, ऊन पडलेल्या दिवशी, निवांत सांगून ठेवलंय. "खडकवासलं म्हणजे छोटं पातेलं, वरून तीन मोठी पातेली त्यात ओततात." बातमीच्या दिवशी मग नुसतं "पातेलं भरलंय" म्हटलं की पुरतं. समजावण्याचं काम बातमीच्या दिवसावर टाकू नये, असं माझं ठाम मत झालंय.

मागच्या पुराशी तुलना जपून करा. 2024 च्या त्या जुलैत खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक सोडले होते, तेव्हा आजचे 25 हजार कमीच, असं म्हणायचा मोह होतो. पण धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस आणि ओढ्यांचं पाणीही नदीतच येतं. धरणाचा आकडा कमी म्हणून अण्णांच्या पार्किंगमध्ये पाणी येणारच नाही, असं त्यातून निघत नाही. बातमी जे म्हणत नाही ते आपण आपल्या जबाबदारीवर जोडायचं नाही.

हवामान खात्याचे रंग विचारले तर अर्थ सांगा, रंग नको. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. नुसतं "रेड अलर्ट" म्हटलं की आजीला रेल्वेचा लाल सिग्नल आठवतो आणि ती सगळ्यांना घरात थांबवते. तसं ते चुकीचंही नाही म्हणा.

"नाही" शेवटी येतं, हे विसरू नका

ही गोष्ट मी चुकून शिकले, आणि या सगळ्यात हीच मला सगळ्यात मोलाची वाटते.

त्या दिवशी पाऊस धो धो होता. मी स्वयंपाकघरात, आजी बाहेरच्या खोलीत, मिक्सर चालू. कुणाचा तरी मेसेज आला होता की धरणाला तडा गेलाय, आणि तो खोटा असल्याचं मला कळलं होतं. मी आतूनच ओरडून सांगितलं, "आजी, धरण फुटलेलं नाही हं, काळजी करू नकोस!" पाच मिनिटांनी बाहेर आले तर आजी पलंगाखालून ट्रंक ओढत होती. तिनं "आजी, धरण फुटलेलं" इथपर्यंत ऐकलं होतं. "नाही" मिक्सरमध्ये गेलं.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो, आणि शेवटच्या शब्दाला आवाज आपोआप खाली उतरतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा नेमका तोच शब्द निसटतो. "पाणी आलेलं नाही", "रस्ता बंद नाही", "अण्णाला काही झालेलं नाही", ही सगळी वाक्यं अर्धी ऐकली की उलटी होतात.

तेव्हापासून मी भीतीचा शब्द उच्चारतच नाही, त्याच्या विरुद्ध असलेली गोष्ट सरळ सांगते. "फुटलेलं नाही" च्या जागी "धरण शाबूत आहे". "अण्णाला काही झालेलं नाही" च्या जागी "अण्णा घरी आहे, जेवतोय". अर्धं ऐकलं तरी अर्थ सुलट राहतो. पण इथेही एक रेघ आहे. "शाबूत आहे" हे आत्ताचं आहे, ते मी सांगू शकते. "धरणाला कधीच काही होणार नाही" हे कुठल्याच बातमीत नसतं, म्हणून तेही मी म्हणत नाही. 1961 बघितलेल्या माणसासमोर तर मुळीच नाही.

आणि हो, मिक्सर बंद करा. समोर बसा, तिला तुमचे ओठ दिसू देत.

आता पाच वाक्यं

बातमी वाचून झाली, पाहिजे ते निवडलं, मग मी ते एकदा मनात म्हणून बघते. वरच्या नमुन्याचं माझं सांगणं असं होतं:

"आजी, खडकवासल्याचं पातेलं भरलंय, म्हणून पाटबंधारे खात्यानं आज सकाळी नऊला दारं उघडून नदीत जास्त पाणी सोडलंय, धरण शाबूत आहे. भिडे पूल पाण्याखाली आहे आणि नदीपात्रातला रस्ता बंद आहे. आपलं घर उंचावर आहे, आपण सुरक्षित आहोत. अण्णाच्या बाजूला पाणी येऊ शकतं, महापालिकेनं तिथल्या लोकांना सावध राहायला सांगितलंय, मी आत्ताच त्याला फोन लावते. पाऊस असाच राहिला तर अजून पाणी सोडतील, मी दोन वाजता परत बघून सांगते."

अर्ध्या मिनिटात होतं. पहिलं वाक्य जरा लांबलंय हे मला दिसतंय. पण "दारं उघडून" आणि "धरण शाबूत" यांच्यामध्ये मी पूर्णविराम घेत नाही, कारण त्या विरामात आजी पहिला प्रश्न विचारते आणि मग उरलेली चार वाक्यं राहतातच. तुमच्या घरचं माणूस शांतपणे ऐकून घेणारं असेल तर त्याची दोन करा.

यात पेपरातलं एकही विशेषण आलेलं नाही. रौद्र, थैमान, हाहाकार, धडकी, सगळं गाळलं आणि माहिती एका कणानं कमी झाली नाही. सांगून झाल्यावर ही तपासणी करून बघा. गाळलेल्या शब्दांची यादी समोर धरली आणि त्यात एखादी जागा, वेळ किंवा माणूस सापडला तर तो चुकून गेलाय, परत घ्या. नुसती विशेषणं सापडली तर ठीक.

शेवटच्या वाक्यातली वेळ पाळा. दोन वाजता सांगते म्हणालात आणि विसरलात तर पाच वाक्यांची सगळी मेहनत वाया जाते. आजी पावणेदोनपासून घड्याळाकडे बघत बसते. मी मोबाइलला गजर लावते. नवीन काही नसलं तरी दोनला जाऊन "सकाळएवढंच पाणी आहे" असं सांगते. तीही बातमीच आहे.

पोचलं का, हे कसं कळेल

"समजलं ना?" असं विचारू नका. आजी "हो" म्हणते, कारण नातीला वाईट वाटू नये. त्यापेक्षा मी तिला फोन लावून देते. तिची बहीण सांगलीला असते. कृष्णेच्या काठची असल्यामुळे तिलाही पुराच्या बातमीत रस असतोच. आजी तिला काय सांगते ते मी भाजी निवडत ऐकते. तिथे चुकलं तर माझं सांगणं चुकलं होतं, असं मी धरते.

परवाच्या फोनवर ती म्हणाली, "अगं, पातेलं भरलंय, म्हणून खात्याच्या लोकांनी दारं उघडलीत. भिडे पूल गेला, जातोच तो. अण्णाला हिनं फोन केलाय, गाड्या वर घेतल्यात त्यानं. दोनला परत सांगणार आहे मला." मग जरा थांबून, "तेव्हा असं कुणी सांगायला आलं असतं, तर आईची पितळी भांडी तरी वर ठेवली असती आपण." तिकडून बहीण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आजी हसली, आणि तिनं सांगलीत पाऊस किती आहे ते विचारलं.